दोनशे नियमांतून निवडलेला एक : बॅकटेस्टमधला योगायोग कसा तपासला

मे २०२४ मध्ये मी निफ्टीसाठी एखादी साधी, रोजच्या बंद भावावर चालणारी स्ट्रॅटेजी शोधायला घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम संपवलं. मधल्या काळात एकही सौदा केला नाही. पाच लाख रुपये बाजूला ठेवले होते. ते या स्ट्रॅटेजीत घालायचे की इंडेक्स फंडात राहू द्यायचे, एवढाच प्रश्न होता. कोडिंग येतं, शाळा-कॉलेजपुरतं संख्याशास्त्र आठवतं, पण "बॅकटेस्टमध्ये छान दिसतंय, आता यावर विश्वास ठेवायचा का" या टप्प्यावर गाडी अडते, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. मी अडले तेव्हा मराठीत असं काही सापडलं नव्हतं.

सुरुवात डेटापासून. निफ्टी ५० चे जुने भाव एनएसईच्या साईटवर फुकट मिळतात, पण एका वेळी वर्षभराचेच. म्हणजे एकेक वर्षाची सीएसव्ही उतरवायची आणि सगळ्या एकमेकींना जोडायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण एका बैठकीत होतं. जोडताना शनिवार-रविवारच्या ओळी दिसल्या तर त्या चूक समजून उडवू नका. दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग सुट्टीच्या दिवशीही होतं (२७ ऑक्टोबर २०१९ ला रविवार होता), आणि २८ फेब्रुवारी २०१५ ला शनिवार असूनही बजेटमुळे बाजार उघडा होता. त्या ओळी भावांच्या मालिकेत हव्यातच. फक्त 'सोमवारी घ्या, शुक्रवारी विका' छापाचे नियम तपासताना मुहूर्ताच्या तासाभराला पूर्ण दिवस धरायचं का, हे आधीच ठरवा. मी वारांच्या नियमांतून ते दिवस वगळले आणि तसं लिहून ठेवलं.

लिहून ठेवण्यासाठी एक साधी वही केली होती. या सगळ्या उद्योगात सर्वांत उपयोगी पडली ती वहीच. २०१० ते २०१९ ही दहा वर्षं शोधासाठी, आणि २०२० ते २०२४ ही पाच वर्षं कुलूपबंद. त्या पाच वर्षांची फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली आणि तिचा आलेखसुद्धा काढला नाही. मग नियमांची यादी. मूव्हिंग ॲव्हरेज एकमेकांना छेदण्याचे ६० नियम (वेगवान सरासरीच्या सहा लांबी, संथ सरासरीच्या दहा), भाव अलीकडे किती जोरात चढला-पडला हे ० ते १०० मध्ये सांगणाऱ्या आरएसआयचे ५०, ठरावीक दिवसांचा उच्चांक मोडला की घेण्याचे ६०, आणि वार, महिनाअखेर, एक्स्पायरीचा आठवडा असे दिनदर्शिकेवरचे ३०. एकूण २००. एकही नियम चालवायच्या आधी ही यादी तारीख घालून लिहिली, कारण पुढच्या सगळ्या हिशोबात 'किती नियम तपासले' हाच आकडा लागणार होता, आणि निकाल बघितल्यावर तो आकडा प्रामाणिकपणे आठवत नाही.

सगळे नियम एक तर निफ्टीत असतात, नाही तर रोख बसतात. इथे एक गोम आहे. २०१० ते २०१९ मध्ये निफ्टी मोजून दुपटीच्या वर गेला. असल्या काळात डोळे मिटून काही दिवस निफ्टीत बसलेला कुठलाही नियम फायद्यात दिसतो. त्यात त्या नियमाचं कर्तृत्व काहीच नसतं. म्हणून रोजच्या परताव्यातून दहा वर्षांची रोजची सरासरी वजा केली. आता नुसतं घेऊन बसण्याचा फायदा शून्य झाला. आता जे काही शिल्लक दिसेल, ते आत कधी जायचं आणि बाहेर कधी पडायचं याच्या अचूकपणातून आलेलं असेल, नाही तर नशिबातून.

जूनअखेर सगळे नियम एकदाच चालवले. पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर मिनिटभरही लागलं नाही. मोजमापाला शार्प रेशो घेतला : वर्षाचा सरासरी परतावा भागिले त्याचा चढउतार. पहिला आला आरएसआयचा एक नियम. तीन दिवसांचा आरएसआय ३० च्या खाली बंद झाला की दुसऱ्या दिवशी घ्यायचं, ५५ च्या वर आला की बाहेर पडायचं. शार्प ०.९२. आलेख असा की शिकवणीवाल्यांनी जाहिरातीत लावावा : डावीकडून उजवीकडे चढत गेलेला, २०११ च्या पडझडीत जरासा वाकलेला, बस्स.

शार्पचा असा आकडा नशिबाने येण्याची शक्यता काढायची साधी रीत आहे. शार्पला वर्षांच्या वर्गमुळाने गुणायचं. दहाचं वर्गमूळ ३.१६, म्हणून ०.९२ चे झाले २.९१. नॉर्मल वितरणाच्या तक्त्यात २.९१ च्या पलीकडे ०.००१८ एवढा भाग उरतो. अर्थ असा की नियमात काही दम नसता, तर इतका चांगला निकाल योगायोगाने येण्याची शक्यता हजारात दोनपेक्षाही कमी. हा आकडा बघून माणूस हुरळतो. मीही त्या रात्री फ्युचर्सचं मार्जिन किती लागेल ते काढून बसले होते.

माझी मावसबहीण कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिला फोन करून आकडा सांगितला.

"हजारात दोन म्हणतेस, पण कोणाच्या हजारात?" ती म्हणाली. "किती नियम तपासलेस?"

"दोनशे, ताई."

"मग अगं, दोनशेंतला पहिला नंबर घेऊन आलीस ना तू? त्याची तुलना शून्याशी कशी करतेस? काहीच दम नसलेल्या दोनशे नियमांतला पहिला नंबर किती असता, ते काढ आधी."

कैरीच्या झाडावर दोनशे दगड मारले तर एखादी कैरी पडतेच, त्याला कोणी नेमबाजी म्हणत नाही. पण किती कैऱ्या पडल्या तर नेम मानायचा, हे आकड्यात सांगता येतं का? येतं. शून्य सरासरीचे, एकमेकांशी संबंध नसलेले दोनशे यादृच्छिक आकडे काढले, तर त्यांतला सर्वांत मोठा सरासरीने २.७५ च्या आसपास असतो. त्याला ३.१६ ने भागा : ०.८७. दम नसलेल्या दोनशे नियमांची दहा वर्षांची शर्यत लावली, तर विजेत्याकडून अपेक्षित शार्पच ०.८७ आहे. माझा विजेता ०.९२ वर होता. आणखी एक गोष्ट वहीत लिहिली : नियम दोनशेऐवजी हजार असते, तर २.७५ च्या जागी ३.२४ आला असता. म्हणजे पाचपट नियम तपासले तरी पट्टी थोडीच वर सरकते. पट्टी फार चढते ती पहिल्या काही डझन प्रयत्नांतच. "मी फक्त तीसच तर तपासले" या म्हणण्यात म्हणूनच फारसा दिलासा नाही.

सर्वांत सोपी दुरुस्ती बॉनफेरोनीची. पाच टक्के चुकीची मुभा दोनशे नियमांत वाटून टाकायची. ०.०५ भागिले २०० म्हणजे ०.०००२५, आणि एखाद्या नियमाची पी-व्हॅल्यू, म्हणजे योगायोगाने तसा निकाल येण्याची ती शक्यता, याच्या खाली असेल तरच तो मानायचा. माझी ०.००१८ होती. दुसऱ्या बाजूने बघायचं तर ०.००१८ ला २०० ने गुणा : ०.३६. उत्तीर्ण व्हायला शार्प १.१० लागला असता. एका ओळीत संपणारा हिशोब आहे, कागदावर होतो, आणि कोणी दहा वर्षांचा चढता आलेख दाखवला तर समोर बसल्या बसल्या करता येतो.

पण इथे मला एक शंका होती, आणि ती रास्त निघाली. माझे दोनशे नियम खरंच दोनशे वेगवेगळे होते का? १० आणि ५० दिवसांच्या सरासरीचा नियम आणि १२ आणि ५० चा नियम बहुतेक दिवस एकच सांगतात. आरएसआयचा उंबरठा ३० ठेवा की २८, सौदे जवळजवळ तेच. बॉनफेरोनी या जुळ्या भावंडांनाही स्वतंत्र माणसं धरतो, म्हणून तो गरजेपेक्षा कडक होतो. एखादा खरा नियम त्याच्या कडकपणामुळे नापास झाला असेल तर?

यावर उपाय अर्थशास्त्रज्ञ हॅल्बर्ट व्हाईट यांनी २००० साली मांडला. त्यामागची कल्पना अशी की सूत्राने अंदाज बांधत बसण्यापेक्षा, आपलेच सगळे नियम, एकमेकांशी असलेल्या नात्यांसकट, दम काढून घेतलेल्या बाजारावर पुन्हा पुन्हा चालवायचे आणि दर वेळी फक्त विजेत्याचा आकडा टिपायचा. व्हाईट यांच्या पद्धतीत परताव्यांचे तुकडे पुन्हा पुन्हा उचलून नवे इतिहास तयार करतात. मी त्याच विचाराची सोपी आवृत्ती वापरली. नियमांचे संकेत जागेवर ठेवले आणि परताव्यांची अख्खी मालिका गोल फिरवून भलत्याच तारखेपासून सुरू केली. २०१३ च्या संकेतांना २०१७ चे परतावे मिळाले की वेळ साधण्याचं कौशल्य उरत नाही. पण बाजाराचा मूळ स्वभाव, म्हणजे शांत दिवसांमागे शांत दिवस आणि खवळलेल्या दिवसांमागे खवळलेले, तो तसाच राहतो. पत्त्यांसारखे दिवस पिसले असते तर तो मोडला असता. आणि दोनशे नियम एकत्रच सरकत असल्यामुळे त्यांची आपसांतली नातीही शाबूत राहतात.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)

def sharpe(x):
    return x.mean(0) / x.std(0) * np.sqrt(247)

r = ret - ret.mean()
real = sharpe(pos * r[:, None]).max()

best = []
for _ in range(1000):
    k = rng.integers(60, len(r) - 60)
    best.append(sharpe(pos * np.roll(r, k)[:, None]).max())

p = (1 + np.sum(np.array(best) >= real)) / 1001
```

यात `ret` म्हणजे रोजचे परतावे आणि `pos` म्हणजे दिवसाला एक ओळ, नियमाला एक स्तंभ, आत १ किंवा ०. `pos` मध्ये आदल्या दिवशीच्या बंद भावावरून ठरलेली स्थितीच हवी. आजच्या बंद भावावरचा संकेत आजच्याच परताव्याला गुणला, तर उद्याचा पेपर आज फोडल्यासारखं होतं आणि शार्प तीन-चारवर जातो. असा आकडा दिसला की आनंद मानू नका, आधी ही ओळ तपासा. ६० दिवसांपेक्षा कमी सरकवायचं नाही, नाही तर खरा बाजारच जवळपास तसाच राहतो. आणि `best.append` च्या ओळीतली `max()` सगळ्या नियमांवर घ्यायची. फक्त विजेत्या नियमालाच फिरवत बसलात, तर पुन्हा त्या पहिल्या 'हजारात दोन'वरच येऊन पोहोचाल.

हजार फेऱ्यांतल्या १८७ मध्ये दम नसलेल्या बाजारातला विजेता ०.९२ किंवा त्याच्या वर गेला. पी-व्हॅल्यू ०.१९. फेऱ्यांमधल्या विजेत्यांचा मधला आकडा ०.८० होता, आणि पाच टक्क्यांची रेघ १.०५ वर. माझी शंका खरी होती, बॉनफेरोनीच्या १.१० पेक्षा हा उंबरठा खाली आला, कारण नियम एकमेकांसारखे होते. पण माझ्या नियमाच्या पदरात त्यातून काही पडलं नाही. पाचांतून एकदा निव्वळ योगायोगाने मिळेल असं ते यश होतं.

ताईला हे कळवलं तेव्हा मी एक युक्तिवाद तयार ठेवला होता, जो बाजारातल्या लोकांकडून हमखास ऐकायला मिळतो. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली असलेले नियम दोनशेंत १७ होते. नशिबाने १० अपेक्षित. शिवाय त्या १७ पैकी ११ आरएसआयचेच, विजेत्याच्या आसपासचे. उंबरठा थोडा हलवला तरी नियम चालतोय, म्हणजे तो एका आकड्याला चिकटलेला योगायोग नाही, असं म्हणतात. पटण्यासारखं वाटतं ना? पण फिरवलेल्या बाजारांत हेच तपासता येत होतं, तर तपासलं. तिथेही विजेत्याचे शेजारी चांगलेच दिसत होते. एखाद्या नियमाला योगायोगाने बारा चांगले सौदे मिळाले, तर त्याच्या शेजारच्या नियमालाही त्यांतले दहा मिळतातच. ते सगळे एकाच योगायोगाचे साक्षीदार. १७ किंवा जास्त नियम ०.०५ खाली येण्याची वेळ फिरवलेल्या बाजारांत साधारण सातांतून एकदा आली. शेजारी पडले असते तर नियम नक्की संशयास्पद ठरला असता. पण ते उभे आहेत म्हणून नियम खरा ठरत नाही.

बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ ची पद्धतही लावून पाहिली. ती थोडी उदार आहे. एकही चूक नको असा हट्ट ती धरत नाही, निवडलेल्यांत साधारण दहा टक्के खोटे निघाले तरी चालतील, असं म्हणते. पी-व्हॅल्यू लहानापासून मोठ्याकडे लावायच्या. पहिलीची तुलना ०.१० × १/२०० म्हणजे ०.०००५ शी, दुसरीची ०.००१ शी, तिसरीची ०.००१५ शी, असं पुढे. माझ्या पहिल्या तीन ०.००१८, ०.००३१ आणि ०.००४०. तिन्ही रेघेच्या वर. सतराव्या क्रमांकाची ०.०४८, तिची रेघ ०.००८५. एकही नियम पास नाही. जिथे शेकडो नियमांतून डझनभर निवडून एकत्र चालवायचे असतात, तिथे ही पद्धत शोभते. मला एकच नियम हवा होता, म्हणून माझ्यासाठी विजेत्याचा तो आधीचा निकालच खरा.

खर्च या सगळ्यात मुद्दाम घेतला नव्हता. कौशल्य की नशीब, हा प्रश्न आधी सोडवायचा आणि मग खर्च लावायचा, असा क्रम ठेवला. २३ जुलैच्या बजेटमध्ये फ्युचर्स विकतानाचा एसटीटी ०.०१२५ टक्क्यांवरून ०.०२ टक्के केला, १ ऑक्टोबर २०२४ पासून. स्टँप ड्युटी, एक्स्चेंजचं शुल्क, ब्रोकरेज, त्यावरचा जीएसटी आणि भावातली घसर धरून मी एका घेणं-विकण्याला ०.०५ टक्के पकडले. नियम वर्षाला साधारण पंचवीस वेळा आत-बाहेर करत होता, म्हणजे सव्वा टक्का गेला. ०.९२ चे ०.७४ झाले. नोव्हेंबरात तर फ्युचर्सचा प्रश्नच मिटला. सेबीच्या नव्या नियमामुळे निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ वर गेला. २४,००० च्या निफ्टीवर सहा लाखांचा सौदा अठरा लाखांचा झाला. पाच लाखांच्या जीवावर अठरा लाखांचा निफ्टी धरायची माझी छाती नाही. उरला पर्याय निफ्टीच्या ईटीएफचा.

तरी कुलूपबंद पाच वर्षं उघडायची राहिली होती. डिसेंबर संपेपर्यंत थांबले, म्हणजे २०२० ते २०२४ पूर्ण होतील. हे थांबणं जड गेलं, खोटं कशाला बोलू. फोल्डर तिथेच होता, एक कमांड पुरेशी होती. पण ती फाईल एकदाच वापरता येते. आज बघून, नियम थोडा बदलून, परत बघितलं की तीही शोधाचाच भाग होते आणि तिथेही तपासलेल्या नियमांची संख्या मोजावी लागते. म्हणून वहीत आधी लिहिलं : एकच नियम, हेच आकडे, काहीही वगळायचं नाही, निकाल काहीही आला तरी फाईल परत उघडायची नाही.

४ जानेवारी २०२५ ला चालवलं. शार्प ०.२४. पाच वर्षांच्या वर्गमुळाने गुणलं तर ०.५४, पी-व्हॅल्यू ०.३० च्या आसपास. आलेखात एका जागी खड्डा होता, आणि तारीख न बघताही तो कशाचा ते कळत होतं. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्के पडला. घसरणीत घेणारा नियम त्या दिवशी अर्थातच निफ्टीत बसलेला होता. तो एक दिवस वगळला असता तर शार्प दुपटीच्या जवळ गेला असता. 'कोविड काय रोज येतो का' हे वाक्य ओठांवर आलंच होतं. पण वहीत 'काहीही वगळायचं नाही' लिहिलेलं होतं, आणि तो दिवस वगळून येणारा आकडा हा आणखी एक प्रयत्न झाला असता. तसंही, वगळूनसुद्धा तो नियम ०.०५ ची रेघ ओलांडत नव्हता.

ताईने इथे उलट्या बाजूने सावध केलं. ती म्हणाली, "पाच वर्षांच्या शार्पमध्ये साधारण ०.४५ ची डुगडुग असतेच. खरा आकडा शून्य असेल किंवा ०.५ असेल, तुझं ०.२४ दोन्हीकडे बसतं. नियम खोटा आहे असं सिद्ध झालं नाही, खरा आहे असं मानायला कारण मिळालं नाही, एवढंच म्हण." मग आम्ही दोघींनी फोनवरच उलटा हिशोब केला. खरा शार्प ०.५ असलेला एकच नियम, दुसरं काहीही न तपासता, शार्पला वर्षांच्या वर्गमुळाने गुणून २ च्या पुढे न्यायचा असेल तर किती वर्षं लागतील? २ भागिले ०.५ म्हणजे ४, त्याचा वर्ग १६. सोळा वर्षं. दोनशे नियमांतून निवडून बॉनफेरोनीची ३.४८ ची रेघ ओलांडायची तर अठ्ठेचाळीस. रोजच्या बंद भावावरच्या नियमांसाठी एनएसईकडे तेवढा इतिहासच नाही. निफ्टी सुरू झाला एप्रिल १९९६ मध्ये. माफक दमाचे नियम जगात असतील, पण या डेटातून ते मला ओळखता येणार नाहीत.

अमेरिकेत डेटा लांब आहे म्हणून तिथे हे सोपं जातं, असंही नाही. सुलिवन, टिमरमन आणि व्हाईट यांनी १९९९ मध्ये डाऊ जोन्सच्या शंभर वर्षांवर ७,८४६ तांत्रिक नियम तपासले. १९८६ पर्यंतच्या काळात सर्वोत्तम नियम दुरुस्तीनंतरही टिकला, आणि पुढच्या दहा वर्षांत तो ढेपाळला. दुरुस्ती फक्त योगायोग पकडते. काल खरं असलेलं उद्याही खरं राहील, याची हमी तिच्याकडे नाही.

दुसरी एक मर्यादा माझ्या वहीची. त्यात २०० लिहिले आहेत, पण आरएसआय ३० च्या खाली गेला की घ्यायचं, हे मी शून्यातून शोधलेलं नाही. हजारो लोकांनी याच बाजारावर काही ना काही तपासलं, त्यांतलं चाललेलं बोललं गेलं, न चाललेलं विसरलं गेलं, आणि बोललेलं माझ्या यादीत आलं. ते प्रयत्न मोजायची सोय नाही. म्हणून ०.१९ हा आकडाही मी उदारच मानते. टेलिग्रामवर कोणी 'दहा वर्षांची सिद्ध स्ट्रॅटेजी' विकत असेल, तर मी आता एकच विचारते : किती नियम तपासून ही निवडली? माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने एका क्लासचालकाला हे खरंच विचारलं. उत्तर आलं, "मोजले नाहीत, शेकडो असतील, त्याशिवाय असली अचूकता येते का?" तो माणूस ते मोठ्या अभिमानाने सांगत होता.

फिरवण्याच्या पद्धतीबद्दलही एक सांगते, कोणी करून बघणार असेल तर. घसरणीत घेणारे नियम खवळलेल्या दिवसांतच बाजारात असतात. मालिका फिरवली की संकेत आणि खवळलेपणा यांची गाठ सुटते, त्यामुळे अशा नियमांच्या चढउताराचा अंदाज थोडा चुकतो. मी ताळा म्हणून परताव्यांचे सरासरी वीस दिवसांचे तुकडे उचलणारी पद्धतही चालवली, त्यात दर नियमाचा त्याचा स्वतःचा सरासरी नफा आधी वजा करून. उत्तर ०.२२ आलं. दोन्ही रीतींनी निर्णय तोच असेल तर पुढे चिरफाड करत बसू नका. एकीकडे ०.०४ आणि दुसरीकडे ०.०७ आलं तर मात्र 'ठरत नाही' असंच लिहा.

पाच लाख इंडेक्स फंडात आहेत. वहीत सध्या तीन नवे नियम आहेत, प्रत्येकापुढे तो का चालावा याचं एक वाक्य आणि तारीख. ते १ जानेवारी २०२५ नंतरच्या डेटावर तपासायचे आहेत, तिन्ही एकाच वेळी, ०.०५ तिघांत वाटून. खरा शार्प १ असेल तर त्या रेघेपर्यंत पोहोचायला साडेचार वर्षं पुरतात, म्हणून उघडायची तारीख जून २०२९ घातली आहे.